सिझरला सात महिने झाले, कंबर धरते आणि पोटाच्या मधोमध बोटं आत जातात

गोरेगावकरीण
नमस्कार मंडळी. सिझर होऊन सात महिने झालेत, लेक आठ किलोची आहे. पहिले तीन महिने डोंबिवलीला माहेरी होते, तिथे आईने आणि मालिशवाल्या मावशींनी मला कशाला हात लावू दिला नाही. गोरेगावला आल्यापासून मात्र रोज संध्याकाळी कंबर धरते. खाली, दोन्ही बाजूंना. रात्री पडलं की हलकं होतं, सकाळी अंथरुणातून उठताना परत कळ येते.

गेल्या आठवड्यात आडवी पडून लेकीकडे बघायला मान उचलली, तर बेंबीच्या वर पोटाच्या मधोमध उभा त्रिकोणी उंचवटा आला. बोटं ठेवून दाबलं तर तीन बोटं आत गेली. तेव्हापासून झोप नाही. डिलिव्हरीच्या डॉक्टर म्हणाल्या, 'होतं असं, रोज चालत जा.' सासूबाई म्हणतात पोट नीट बांधलं नाहीस. मी घरात असेपर्यंत पट्टा घालते, शिवाय एका व्हिडिओत सांगितलं होतं म्हणून चालता-बसता पोट आत ओढून धरते. रजा संपली, येत्या सोमवारपासून लोकल सुरू.

प्लँक सुरू करू का? आणि ही फट बुजेपर्यंत बाळाला उचलायचं नाही असं एकीने सांगितलं. घरात दिवसभर मी आणि सासूबाई दोघीच. न उचलून कसं चालेल?

आजीचा_बटवा
अगं, आमच्या वेळी सव्वा महिना जुन्या सुती लुगड्याने पोट आवळून बांधायचे, शेक-शेगडी व्हायची, डिंकाचे नि आळिवाचे लाडू असायचे. कोणाचं पोट सुटलं नाही. आता सात महिने गेले, पण अजूनही बांध. खालून वर घट्ट बांधायचं, श्वास जेमतेम घेता येईल इतपत. आणि वाकून केर काढ, पोट आपोआप आत जातं.

माटुंगा_मेल
सिझर म्हणजे कण्यात इंजेक्शन. माझ्या बहिणीला, वहिनीला, दोघींना त्याच जागी जन्माचं दुखणं लागलंय. थंडीत जास्त. याला उपाय नाही, सहन करायचं. प्लँक वगैरेच्या फंदात पडू नका.

मणका
मी फिजिओ आहे, बाळंतपणानंतरच्या बायकांमध्येच माझं बरंचसं काम आहे. उत्तर देण्याआधी काही विचारते, कारण 'कंबर धरते' आणि 'बोटं आत जातात' या दोन तक्रारी एकाच कारणाच्या असतील असं धरून चालायला नको.

पायात मुंग्या, बधिरपणा, पाय लटपटणं आहे का? शिंकताना-खोकताना लघवीचा थेंब सुटतो का, किंवा लघवी-शी लागलेली कळत नाही असं होतं का? मांड्यांच्या आतल्या भागात, बसतो त्या जागी बधिर वाटतं का? ताप, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं? बेंबीपाशी गोटीसारखं काही हाताला लागतं का?

आणि दुखतं ते नेमकं काय करताना? 'दिवसभर' असं लिहू नकोस. दोन दिवस लक्ष ठेव आणि कळ आली की हातात काय होतं ते लिहून काढ.

माटुंगा_मेल, सिझरच्या वेळचं इंजेक्शन कमरेत, मुख्य मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या खाली देतात. सुई टोचलेली जागा काही दिवस हुळहुळते, ते खरं. पण हे इंजेक्शन घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांची तुलना केली तर पुढे महिनोन्महिने टिकणाऱ्या पाठदुखीत फरक सापडलेला नाही. बहिणीचं दुखणं खोटं नाही, पण त्याचं खापर सुईवर फोडून बसलं की खरं कारण शोधलंच जात नाही.

दादरकर
मलाही सेम. एल-फोर एल-फाइव्हला डिस्क सरकलीय, एमआरआय आहे. डावा पाय घोट्यापर्यंत बधिर. मी पोट आत ओढून प्लँक केला तर चालेल का? ऑफिसात आठ तास खुर्ची.

मणका
दादरकर, तुमचं वेगळं आहे. पाय बधिर आहे म्हणजे नस दबलीय, इथे विचारून व्यायाम करू नका. रिपोर्ट घेऊन प्रत्यक्ष दाखवा. वेगळा धागा काढलात तर तिथे बोलू.

परळ_ते_पनवेल
गोरेगावकरीण, घाबरू नकोस. माझं दुसरं बाळंतपण झालं तेव्हा चार बोटं होती. पण एक सांगते, क्रंचेस, सिट-अप्स यांना चुकूनही हात लावू नकोस. मधली शीर फाटलेली असते, ती आणखी फाटते. माझ्या जिममधल्या ट्रेनरनेच सांगितलं. बाकी मला बेंबीत छोटा फुगा आहे, खोकलं की वर येतो, दाबला की आत जातो. तोही याचाच भाग ना? दुखत नाही, म्हणून कोणाला दाखवला नाही.

गोरेगावकरीण
मणकाताई, दोन दिवस लिहून काढलं. पायात काही उतरत नाही, बधिर नाही, ताप नाही. जोरात शिंकलं की थेंबभर लघवी होते, हे मी इथे पहिल्यांदाच कोणाला सांगतेय. बेंबीपाशी गोटी नाही.

कळ येते ती अशी. लेक पलंगावरून लोळते म्हणून आम्ही जमिनीवर गादी टाकलीय. तिथून तिला उचलताना. मग आंघोळीच्या वेळी. सासूबाईंचे गुडघे गेलेत, त्यामुळे न्हाणीघरात पाटावर बसून पाय पसरून मीच तिला पायावर घेते. आमच्याकडे पाणी सकाळी येतं. बादल्या भरून ठेवते आणि आंघोळीच्या वेळी एक बादली ओढून जवळ घेते. आणि तिसरं, दूध पाजून झाल्यावर. पाजताना नाही, पाजून उठताना.

चालताना काहीच होत नाही. परवा स्टेशनपर्यंत चालत गेले, दुखलं नाही.

मणका
छान लिहिलंस. लघवीचा थेंब हा या सगळ्याचा तुकडाच आहे, त्यावर येते.

आधी परळ_ते_पनवेल. खोकल्यावर वर येणारा, दाबल्यावर आत जाणारा बेंबीतला फुगा म्हणजे बहुतेक हर्निया. फट आणि हर्निया एकच नाही. फटीत मधला पडदा पातळ होऊन ताणलेला असतो, पण अखंड असतो. हर्नियात त्याला खरोखर भोक पडलेलं असतं. दुखत नसला तरी सर्जनला एकदा दाखव, व्यायामाने तो बरा होत नाही. आणि कधी तो फुगा बाहेर अडकला, आत जाईना, टणक झाला, दुखायला लागला, उलट्या झाल्या तर रात्र असो की दिवस, थेट कॅज्युअल्टी गाठायची.

आता फट. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत जवळपास सगळ्यांचीच पडते. पोटाचे दोन उभे पट्टे बाजूला सरकतात आणि मधला पडदा रुंद नि पातळ होतो. काही फाटत नाही. बाळंतपणानंतर पहिल्या दोन महिन्यांत ती झपाट्याने कमी होते, पुढे आपोआप कमी होण्याचा वेग मंदावतो. सातव्या महिन्यात फट असणं म्हणजे काहीतरी बिघडलं असं नाही.

तपासायचं असं. पाठीवर झोप, गुडघे वर, पाय जमिनीवर. एका हाताची बोटं आडवी बेंबीवर ठेव. श्वास सोडत डोकं आणि खांदे जेमतेम वर उचल. दोन्ही बाजूंच्या स्नायूंच्या कडा बोटांना लागतील. आधी रुंदी पाहा, किती बोटं मावतात ती. मग, आणि हे जास्त महत्त्वाचं, बोटांखाली काय लागतं ते पाहा. टणक पडदा लागतो आणि बोटं वरच थांबतात, की सैल पडलेल्या इलॅस्टिकसारखं खाली जातच राहतं? बेंबीच्या चार बोटं वर आणि चार बोटं खाली परत तपास. दोन बोटं रुंद असून पडदा टणक असेल, तर एक बोट रुंद पण खोल नि मऊ असलेल्या पोटापेक्षा ते पोट जास्त काम करतं. आणि रोज तपासत बसू नकोस. महिन्यातून एकदा पुरे.

आकडेमोडे
यात भर. नॉर्वेत पहिलटकरणींचा अभ्यास झाला होता, 2016 साली छापून आला. सहा आठवड्यांनी 60 टक्के बायकांना फट होती, सहा महिन्यांनी सुमारे 45, वर्षानंतर सुमारे 33 टक्के. म्हणजे वर्षानंतरही तिघींपैकी एकीला. गंमत पुढे आहे. फट असलेल्या आणि नसलेल्या बायकांत कंबरदुखीचं प्रमाण सारखंच निघालं. मग फटीमुळे कंबर दुखते हे आपण कशावरून म्हणतो?

मणका
तेच म्हणत होते. नुसती फट म्हणून दुखत नाही. मात्र त्या अभ्यासात बहुतेकींची फट लहान होती. फार रुंद आणि खोल असेल, पोट जोर धरतच नसेल, तर कमरेवर भार येताना मी रोज पाहते. तेव्हा फट सोडून द्या असं नाही. पण गोरेगावकरिणीची यादी वाचली की कारण वेगळीकडे दिसतं. चालताना दुखत नाही. वाकून, बसलेल्या जागेवरून, वजन घेऊन उठताना दुखतं. म्हणजे तिचं पोट आणि नितंब त्या क्षणी भार घेत नाहीत आणि सगळं कमरेच्या स्नायूंवर येतं.

सिट-अप्सबद्दल. ट्रेनरने सांगितलेलं अर्धं खरं आहे. डोकं उचलताना त्या क्षणी फट उलट अरुंद होते, त्याने फाटत नाही. पण उंचवटा येत असेल तर त्या पोटाला तेवढं वजन झेपत नाही, इतकाच त्याचा अर्थ. म्हणून आत्ता नको, कायमचं नको असं नाही.

आणि पट्टा. पहिल्या काही आठवड्यांत, टाके ओढतात तेव्हा, सैलसर पट्ट्याने बरं वाटतं, त्यात वावगं काही नाही. पण तो फट बुजवत नाही. आजी, श्वास जेमतेम घेता येईल इतकं आवळलं तर पोटातला दाब वर जाऊ शकत नाही, तो खाली जातो, मूत्राशयाला आणि गर्भाशयाला धरून ठेवणाऱ्या तळाच्या स्नायूंवर. शिंकताना थेंब सुटतो तो याने वाढतो. दिवसभर पोट आत ओढून धरण्याचंही तेच. पोट सतत ताठ धरलं की श्वास छातीत अडकतो, तळावर दाब येतो आणि कंबरेचे स्नायू सदोदित आखडलेले राहतात. गोरेगावकरीण, पट्टा आठवडाभरात कमी करत सोड. पोट आत ओढणं आजपासून बंद.

आजीचा_बटवा
आमच्या पिढीत कोणाला थेंब सुटत नव्हता असं म्हणणार नाही. सुटायचा. बोलायचं नाही एवढंच. पण लुगड्याने बरं वाटायचं, हे मी सोडणार नाही.

मणका
बरं वाटायचं, हे मीही नाकारत नाही आजी.

गोरेगावकरीण
तपासलं. बेंबीवर अडीच बोटं, वर तीन, खाली दीड. वर मऊ लागतं, खाली टणक. आता उचलायचं कसं ते सांगा ना. सोमवार आला.

मणका
जमिनीवरच्या गादीवरून. तू आत्ता काय करतेस ते डोळ्यांसमोर येतंय. उभी राहून कमरेत वाकतेस, हात लांब करतेस आणि ओढून वर घेतेस. त्याऐवजी तिच्या अगदी जवळ जा. एक गुडघा जमिनीवर टेकव, दुसरा पाय पुढे, पाऊल पूर्ण टेकलेलं. आधी तिला कुशीवर वळव आणि ओढून घेऊन पुढच्या पायाच्या मांडीवर बसव. इथे थांब. तिला छातीशी धर. आता श्वास सोडायला सुरुवात कर आणि सोडता सोडता पुढच्या टाचेवर जोर देऊन उठ. श्वास रोखून उठायचं नाही. श्वास सोडताना तळाचे स्नायू हलके वर उचलल्यासारखे वाटले पाहिजेत, लघवी अडवल्यासारखे. वळायचं असेल तर कंबर पिळू नकोस, पावलं फिरव. आज उजवा पाय पुढे, उद्या डावा.

ठेवताना याच्या उलट. ठेवतानाच जास्त जणी चुकतात, कारण बाळ झोपलेलं असतं आणि आवाज नको म्हणून हात लांब करून वाकून ठेवतात. आधी गुडघा टेक, तिला तशीच छातीशी धरून खाली जा, मग तिचं ढुंगण, पाठ, शेवटी डोकं टेकव.

बादली. भरलेली मोठी बादली वीस लिटरची म्हणजे वीस किलो. लेक आठ किलोची. तू बाळ उचलायला घाबरतेस आणि अडीच बाळांएवढं वजन एका हाताने, बसल्या जागेवरून, कंबर पिळून ओढतेस. माझा पहिला संशय बादलीवर आहे. आंघोळीचं पाणी दोन लहान बादल्यांत अर्धं-अर्धं घे आणि बसायच्या आधीच दोन बाजूंना ठेव. पाटाऐवजी गुडघ्याच्या उंचीचं स्टूल घे, पुढे वाकावं लागलं नाही पाहिजे. पाय पसरून पायावर बाळ घ्यायची आपली पद्धत काही वाईट नाही, पण सात महिन्यांची मुलगी ओली, निसरडी आणि वळवळती असते. तिला आता टबात किंवा मोठ्या घमेल्यात बसवता येईल, हात पाठीशी ठेवून.

पाजून उठताना दुखतं कारण पाजताना तू अर्धा तास पाठ बाक काढून बसतेस, स्नायू ताणून थिजतात आणि त्याच क्षणी आठ किलो घेऊन उठतेस. बाळ तुझ्यापर्यंत आण, तू बाळापर्यंत जाऊ नकोस. मांडीवर दोन उशा, पाठीला टेकू. आणि उठायच्या आधी बाळ बाजूला ठेव, खांदे दोन-चारदा मागे फिरव, मग तिला घे. अंथरुणातून उठताना सरळ पोटाच्या जोरावर उठू नकोस. कुशीवर वळ, पाय खाली सोड, हाताने ढकलून बस.

वसई_फास्ट
कडेवर घेण्याचं काय? माझी उजवी कंबर कायम बाहेर असते. धाकटा दीड वर्षाचा आहे.

मणका
कडेवर घेणं बंद करा म्हटलं तर मुंबईत बाळ हिंडवणार कसं? फुटपाथवर प्रॅम चालत नाही. बाजू बदला, आणि कंबर बाहेर काढून तिच्यावर बसवण्याऐवजी बाळाचे दोन्ही पाय तुमच्या दोन्ही अंगांना येतील असं समोरून जवळ घ्या. लांब जायचं असेल तर दोन खांद्यांची कॅरिअर, पट्टा कमरेच्या हाडांवर आवळलेला, बाळाचं डोकं तुम्हाला पापा घेता येईल इतकं वर.

गोरेगावकरीण
आणि व्यायाम? प्लँक विचारला होता मी.

मणका
टाके दुखत नसतील, ओले नसतील तर सुरुवात अशी कर. पाठीवर, गुडघे वर. नाकाने श्वास घेताना बरगड्या बाजूंना फुगू दे, पोटही फुगू दे. तोंडाने सोडताना तळ हलका वर आणि बेंबीखालचं पोट हलकं आत. हलकं म्हणजे ताकदीच्या तिसऱ्या हिश्श्याने. आठ-दहा वेळा, दिवसातून दोनदा. त्यातच श्वास सोडताना एक टाच जमिनीवर घासत लांब नेणं, मग परत आणणं. मग नितंब उचलणं, पूल करतो तसं. हे जमलं की खुर्चीवरून उठ-बस, आधी रिकाम्या हाताने आणि मग लेकीला छातीशी धरून. भिंतीवर हात टेकून जोर. मग पाच लिटरचा पाण्याचा कॅन जमिनीवरून उचलणं, पाठ सरळ, नितंब मागे.

हा शेवटचा प्रकार बहुतेक जणी गाळतात आणि वर्षभर नुसती टाच घासत बसतात. लेक महिन्याला वाढतेय. तुझी ताकद तिच्या पुढे राहिली पाहिजे, त्यासाठी वजनच उचलावं लागतं.

पुढे कधी जायचं याची खूण तुझ्याच अंगात आहे. व्यायाम करताना मधे उंचवटा आला, श्वास रोखला गेला, थेंब सुटला, किंवा दुसऱ्या दिवशी कंबर जास्त दुखली, तर एक पायरी मागे. यातलं काही झालं नाही तर दोन आठवड्यांनी पुढे. प्लँक आधी भिंतीवर, मग ओट्यावर हात ठेवून, जमिनीवर सगळ्यात शेवटी. ताकद येते हे जाणवायला आठ ते बारा आठवडे लागतात.

शक्य झालं तर एकदा प्रत्यक्ष कोणाला तरी दाखव, थेंबासाठी तर नक्कीच. केईएम, सायन, नायर या पालिकेच्या रुग्णालयांत फिजिओथेरपीचे विभाग आहेत, केसपेपर काढून जाता येतं.

परळ_ते_पनवेल
सर्जनना दाखवलं. हर्नियाच निघाला, छोटा आहे. आणखी मूल नको असेल तर ऑपरेशनचा विचार करू म्हणाले, घाई नाही. हर्निया शिवताना फटही शिवून टाकता येते म्हणे. मैत्रीण म्हणते टमी टकच करून घे. मणकाताई?

मणका
फट शिवणं हा टमी टकचाच भाग असतो. मूल आणखी हवं असेल तर आधी ते होऊ द्यायचं, कारण पुढच्या गरोदरपणात शिवण ताणली जाते. आणि ज्यांनी मनापासून व्यायाम करून पाहिला, तरी पोट जोर धरत नाही, त्यांच्यासाठी तो पर्याय खरा आहे. केवळ दिसण्यासाठी केली तर विमा बहुतेक वेळा पैसे देत नाही, हर्नियाचं वेगळं. कंपनीला आधी विचारून घे.

माटुंगा_मेल
वहिनीला हा धागा दाखवला. ती म्हणाली, मुलाला अजून शाळेची बॅग घालून उचलून घेते. सात वर्षांचा आहे. इंजेक्शनचं माझं मत मात्र पूर्ण बदललेलं नाही.

गोरेगावकरीण
बऱ्याच दिवसांनी आले, साधारण दोन महिने होत आले. लेक आता धरून उभी राहते.

पट्टा कपाटात गेला. बादली बदलल्यावर पहिल्याच आठवड्यात निम्मं दुखणं गेलं, खरं सांगते, व्यायामाने काही होण्याच्या आधी. गादीवरून उचलायची सवय लागायला वेळ लागला. घाईत असले, ती रडत असली, की अजूनही वाकतेच, आणि त्या संध्याकाळी कंबर सांगते. शिंकताना थेंब जवळपास बंद. पाच लिटरचा कॅन आता सहज उचलते. मधे ऑफिसच्या गडबडीत दहा-बारा दिवस काहीच केलं नाही तर परत सकाळची कळ सुरू झाली होती.

फट? वर अजून अडीच बोटं आहेत. पण बोटं आधीसारखी खोल जात नाहीत. पोट दिसायला अजून चार महिन्यांच्या पोटुशीसारखं दिसतं, परवा लोकलमध्ये एका बाईंनी उठून जागा दिली. मी बसले.

दोन प्रश्न राहिलेत. सूर्यनमस्कार कधी सुरू करू? आणि ती आता उभी असतानाच 'उचल' म्हणून हात वर करते. तेव्हा तिला काखेत धरून उचलायचं ना?

मणका
फट वर्षानंतरही अडीचच राहू शकते. पडदा टणक होतोय आणि तू आठ किलो सहज उचलतेस, तर त्या आकड्याला मी फार भाव देत नाही. दिसण्याचं मनाला लागत असेल तर ते वेगळं, त्यासाठी वर्षभर थांबून मग सर्जनशी बोल.

सूर्यनमस्कारात दोन जागा सांभाळायच्या. मागे वाकताना वरचं पोट ताणलं जातं, तिथे अर्धंच वाक. आणि जमिनीवर छाती टेकवून वर येताना उंचवटा येतो का ते नवऱ्याला बाजूने बघायला सांग. आला तर गुडघे टेकवून कर. सुरुवातीला हळू दोन-तीन, वेग नको.

काखेत धरून लांब हाताने उचलू नकोस. ती उभी आहे तर तुझं काम अर्धं झालंय. जवळ जा, गुडघ्यात वाकून खाली बस, तिला अंगाशी बिलगू दे, एक हात ढुंगणाखाली, एक पाठीवर, आणि श्वास सोडत उठ.

वसई_फास्ट
आणि रस्त्यात फतकल मारून बसला तर? माझा दीड वर्षाचा दगडासारखा जड होतो.

मणका
बाजारात असाल तर पिशव्या आधी खाली ठेवा. पिशव्या हातात ठेवून एका हाताने त्याचं मनगट धरून ओढू नका, त्या वयात कोपराचं हाड निसटतं. मग त्याच्या मागून जा, पुढून नाही. एक गुडघा टेका, त्याची पाठ तुमच्या छातीला लावा, एक हात छातीवरून, एक मांड्यांखालून, आणि उठा. तो लाथा मारेल, पण त्या पुढे जातील.